एकाच आडनावाची दोन भडंग दुकानं आणि गूगल मॅप

जयसिंगपूरकडचं एक उदाहरण धरू. आजोबांचं भडंगाचं दुकान, वाटण्या झाल्या, आता चुलत भाऊ समोरासमोर बसतात आणि दोघांच्या पाटीवर आडनाव एकच. पूर्वी ‘आमची कोठेही शाखा नाही’ एवढं रंगवलं की भागायचं. मॅपवर भागत नाही, कारण गिऱ्हाईक वर दिसेल ते नाव दाबून मोकळं होतं.

थोरल्याने प्रोफाइलच्या नावात ‘मूळ, सर्वोत्तम, जयसिंगपूर’ जोडलं. गूगलच्या नियमाप्रमाणे पाटीवर असेल तेच नाव चालतं. जादा शब्दांची तक्रार झाली की ते कापले जातात, वेळप्रसंगी प्रोफाइलच बंद पडतं. वेगळं दिसायचं असेल तर आधी पाटी बदलावी: आडनावापुढे ‘थोरले’, ‘धाकटे’ किंवा चौकाचं नाव. मग तेच नाव बिलावर, पाकिटावर आणि मॅपवर. आडनावाचा ट्रेडमार्क काढून भावाला अडवता येईल, असं कुणी सांगितलं तर थांबा. 1999 च्या कायद्याचं कलम 35 प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरणाऱ्याला संरक्षण देतं. त्यापेक्षा स्वतःचा लोगो ट्रेडमार्कच्या वर्ग 30 मध्ये, म्हणजे अशा खाद्यपदार्थांच्या वर्गात, नोंदवा.

खरी भांडणं रिव्ह्यूवरून होतात. धाकट्याला एका संध्याकाळी चार-पाच एक-स्टार येतात: फोटो नाही, मजकूर जवळपास सारखा, लिहिणाऱ्यांचा दुसरा एकही रिव्ह्यू नाही. ही भाडोत्री किंवा घरच्या माणसांची खूण. उलट एक-स्टार टाकायला भाच्याला बसवू नका. दोघांचेही रिव्ह्यू उडू शकतात आणि काही काळ नवे घेणंही बंद होतं. प्रत्येक खोट्या रिव्ह्यूची गूगलकडे वेगळी तक्रार करा, स्क्रीनशॉट ठेवा. गिऱ्हाइकाला रिव्ह्यू मागायला हरकत नाही, पण त्याबदल्यात पन्नास ग्रॅम जादा भडंग देणं नियमात बसत नाही.

‘भडंग मऊ होतं’ अशी तक्रार मात्र खरी असू शकते. पावसाळ्यात भडंग पूर्ण निवण्याआधी पाकीटबंद केलं की आतली वाफ चुरमुऱ्यांतच मुरते. तक्रार चुकून भावाच्या मालाची असेल तर उत्तरात त्याची निंदा नको: ‘पाकिटावरचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक कळवा, आमचा असेल तर बदलून देऊ.’ दोघांचे क्रमांक वेगळे असतात, त्यामुळे माल कुणाचा ते तिथंच ठरतं.

दराची चढाओढ वजनावर घसरते. एकाचं 200 ग्रॅम 50 रुपयांना, दुसऱ्याने 180 ग्रॅम 48 ला लावलं. फोटोत दुसरं स्वस्त. हिशोबात पहिलं ग्रॅमला 25 पैसे, दुसरं जवळपास 27. किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅममागची किंमत छापायची असतेच, तीच ऑनलाइन वर्णनाच्या पहिल्या ओळीत टाका. पाकिटाची मागची बाजूही फोटोत घ्या, वजन वाचता येईल इतक्या जवळून.