‘मनातल्या मनात वाच’ कधी म्हणू नये: अडखळत वाचणाऱ्या सात वर्षांच्या मुलाच्या सरावातल्या चुका

माझा भाचा बाबू गोव्यात, पेडण्यातल्या एका मराठी शाळेत दुसरीत आहे. बहिणीचा फोन आला, ‘अगं, रोज अर्धा तास वाचायला बसवते, तरी अडखळणं काही जात नाही.’ एका शनिवारी गेले. बाबू आत बसून मनात वाचत होता. अर्धा तास झाल्यावर आतून आवाज आला, ‘मावशे, वाचलें!’ मी पुस्तक हातात घेतलं आणि काय वाचलंस म्हणून विचारलं. त्याने चित्रातलं सगळं सांगितलं. विहीर, झाड, झाडावरचा कावळा. धड्यात कावळा पुढे काय करतो हे चित्रात नव्हतं, आणि ते त्याला ठाऊकही नव्हतं.

मी बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं आहे. अडखळणाऱ्या मुलांच्या घरी ही चूक सगळ्यांत जास्त दिसते. मूल मोठ्याने वाचताना रडकुंडीला येतं, ऐकणाऱ्याचाही धीर सुटतो, मग ‘जा, आत बसून मनात वाच’ असं ठरतं. घरात शांतता होते, सराव मात्र होत नाही. जो शब्द मोठ्याने वाचता येत नाही तो मनातही वाचता येत नाही. फक्त तो सुटला हे कोणाला कळत नाही, मुलालाही नाही. अमेरिकेत 2000 साली वाचनावरच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या एका राष्ट्रीय समितीलाही असंच आढळलं. कोणी तरी ऐकतंय, अडलं तर मदत करतंय, अशा प्रकट वाचनाने ओघ सुधारल्याचे पुरावे होते. नुसतं एकट्याने मनात वाचून ओघ सुधारतो असं म्हणण्याइतके पुरावे नव्हते. ती मुलं इंग्रजी वाचणारी होती हे खरं, पण चुकलेला शब्द दुरुस्त करायला कोणी नसलं की काय होतं हे मराठीतही तेच आहे.

अडखळणं नक्की कुठे आहे ते न पाहता सराव सुरू करणं

बहीण म्हणाली, ‘अक्षरं येतात त्याला. बाराखडी धाडधाड म्हणतो.’ म्हणतो, पण ती चालीवर पाठ आहे. मी कागदाच्या चिठ्ठ्यांवर वीस अक्षरं लिहिली आणि क्रम मोडून एकेक समोर धरली. घ-ध, भ-म, थ-य अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या मुद्दाम घेतल्या, शिवाय काही अक्षरांना पहिली वेलांटी दिली. ही वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, म्हणून मुलं तिथे हमखास थबकतात. बाबूने सतरा झटकन सांगितली. भ आणि म मध्ये गोंधळला, ‘ऱ्या’ ओळखता आलं नाही.

म्हणजे अक्षरांचा पाया बराचसा पक्का होता, अडचण शब्द जोडण्यात होती. वीसातली सात-आठ अडली असती तर मी ओघाचा सराव सुरूच केला नसता. आधी ती अक्षरं पक्की करायची. अक्षर आठवायलाच दोन-तीन सेकंद लागत असतील तर पुढचा सगळा सराव पाण्यात.

अक्षर-अक्षर सुटं वाचायला लावणं

घरी त्याला प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून वाचायची सवय लावली होती: ‘बा… जा… रा… त’. शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेस्तोवर सुरुवातीचं निसटलेलं असतं. शिवाय मराठीत सुटी अक्षरं ओळीने म्हटली म्हणून शब्द तयार होत नाही. क, र, व, त ही चारही अक्षरं पूर्ण ‘अ’ लावून म्हणा. जे ऐकू येतं ते आपण बोलतो ती ‘करवत’ नव्हे. बोलताना र आणि त मधला ‘अ’ आपण गिळतो. मुलाने हे गिळणं स्वतः शोधून काढावं अशी आपण अपेक्षा करतो.

त्यापेक्षा शब्दाचे तुकडे पाडा. अंगठ्याने शब्दाचा मागचा भाग झाकायचा. ‘सायकलवरून’ अडला तर आधी ‘सायकल’ एवढंच उघडं ठेवायचं. ते आलं की ‘वरून’, मग दोन्ही एकदम. मराठी शब्दांना शेपट्या फार: घरात, घरासमोर, घराकडून. या शेपट्या एकदा ओळखीच्या झाल्या की मूल मोठ्या शब्दाला घाबरत नाही.

रोज नवा धडा

पालकांना वाटतं, तोच उतारा परत वाचला तर पाठ होईल, मग त्याला वाचन कसं म्हणायचं? थोडा पाठ होतोच. तरीही फायदा आहे, कारण तेच शब्द चार वेळा नजरेखालून गेल्यावर जोडावे लागत नाहीत, बघताक्षणी कळतात. अमेरिकेतले वाचन-संशोधक एस. जे. सॅम्युएल्स यांनी पुनर्वाचनाची ही पद्धत 1979 मध्ये मांडली. मजकूर छोटा घ्यायचा, नीट जमेपर्यंत परत परत वाचायचा आणि मगच पुढे जायचं.

मी बाबूसाठी 42 शब्द हाताने, मोठ्या अक्षरात लिहिले:

‘सकाळ झाली. पोदेर सायकलवरून आला. त्याने पों पों भोंगा वाजवला. आजी दारात आली. तिने पिशवी पुढे केली. पोदेराने चार पाव दिले. पाव गरम होते. मांजर पायऱ्यांवर बसले होते. ते पिशवीकडे बघत राहिले. आजीने एक तुकडा तोडला. मांजराने तो उचलला आणि धूम ठोकली.’

पोदेर म्हणजे पाववाला. तो रोज सकाळी त्यांच्या दारात येतो, त्यामुळे अर्थासाठी वेगळे कष्ट नव्हते. पहिल्या वाचनाला 2 मिनिटं 6 सेकंद लागले, म्हणजे एका शब्दामागे सरासरी 3 सेकंद. चार शब्द चुकले: ‘सायकलवरून’ अडला, ‘भोंगा’चा ‘मोंगा’ झाला, ‘पायऱ्यांवर’ मला सांगावा लागला आणि ‘पिशवीकडे’मधलं ‘कडे’ गळालं. चुकांचा माझा ठोकताळा असा: दहा शब्दांत एकापेक्षा जास्त चूक होत असेल तर उतारा कठीण आहे, सोपा घ्या. 42 शब्दांत चार चुका म्हणजे हा जेमतेम काठावर बसला. बरोबर वाचलेले 38 शब्द 126 सेकंदांनी भागून 60 ने गुणले, तर मिनिटाला सुमारे 18 शब्द.

मग क्रम असा ठेवला. आधी मी बोट सरकवत एकदा वाचायचं, बोलतो त्या वेगाने. मग दोघांनी मिळून. मग त्याने एकट्याने. दहा-बारा मिनिटांत संपवायचं आणि दुसऱ्या दिवशी तोच उतारा घ्यायचा. तिसऱ्या दिवशी, एकट्याने केलेल्या चौथ्या वाचनात, 63 सेकंद लागले आणि एकच चूक झाली. मिनिटाला 39 शब्द. बहीण खूश झाली, मी तिला थोडं थांबवलं. हा आकडा ओळखीच्या उताऱ्याचा आहे, त्यात पाठांतरही आहे. खरी प्रगती आठवड्यातून एकदा, न पाहिलेल्या उताऱ्यावर बघायची. तिथे पहिल्या आठवड्यात त्याने मिनिटाला 20 शब्द वाचले, सहाव्या आठवड्यात 30. एवढीच चाल असते, आणि ती पुरेशी आहे.

इंटरनेटवर इयत्तेनुसार मिनिटाला किती शब्द यायला हवेत याचे तक्ते मिळतात. ते बहुतेक इंग्रजीचे असतात. इंग्रजीत तीन शब्दांत सांगायचं ते आपण ‘पायऱ्यांवर’ या एका शब्दात सांगतो, त्यामुळे त्या आकड्यांशी मराठी वाचनाची तुलना करता येत नाही. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या आठवड्याशी करा. आणि घड्याळ त्याला दिसू देऊ नका. दिसलं की मुलं शर्यत लावतात, शब्द खातात आणि पूर्णविरामावर थांबत नाहीत.

दर चुकीला टोकणं

मूल अडलं की घरातली तीन माणसं एकदम शब्द सांगतात, हे मी कितीदा पाहिलंय. आजी तर स्वयंपाकघरातून सांगते. अडल्यावर मनात तीन अंक मोजा. तेवढ्यात बरेचदा शब्द येतो. नाही आला तर अंगठ्याची युक्ती करा, तरीही नाही आला तर सरळ सांगून टाका आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचायला लावा. हे परत वाचणं महत्त्वाचं, कारण तुटलेलं वाक्य त्याला अखंड ऐकू येतं. ‘नीट बघ, काल आला होता हा शब्द’ याने काही हाती लागत नाही. काय बघायचं ते त्याला कळत नसतं.

आपल्याकडे एक वेगळी गोष्ट आहे. बाबूच्या घरात कोंकणी बोलतात. ‘पोदेर सायकलवरून आला’ हे त्याने पहिल्यांदा ‘आयलो’ असं वाचलं. एकदा ‘पाणी’च्या जागी ‘उदक’ म्हणाला. शाळेतून अशा चुकांवर लाल खूण येते. मी त्या चार चुकांत हे धरलं नाही, कारण ‘आयलो’ म्हणणाऱ्या मुलाला वाक्य कळलेलं असतं. वाचताना अडवू नये. उतारा संपल्यावर त्या शब्दावर बोट ठेवून ‘इथे काय लिहिलंय?’ एवढंच विचारावं. मात्र ‘भोंगा’चा ‘मोंगा’ किंवा गळलेलं ‘कडे’ ही वेगळी जात आहे. तिथे डोळ्यांनी अक्षर पकडलेलं नसतं, त्यामुळे सरावाचा वेळ त्यावर खर्च करावा. बाबूसाठी मी भ आणि म च्या सहा चिठ्ठ्या आठवडाभर रोज एक मिनिट चालवल्या, आणि गोंधळ गेला.

मग मनातलं वाचन कधी?

नवा, सोपा उतारा वीस शब्दांत एखाद्याच चुकीने आणि वाक्याच्या शेवटी थांबत वाचता येऊ लागला की सुरुवात करावी. आधी पुटपुटत वाचू द्या. ओठ हलतात म्हणून रागावू नका, ती मधली पायरी आहे आणि ती आपोआप सुटते. सुरुवातीला दोनच वाक्यं मनात वाचायला द्यायची आणि लगेच चित्रात न दिसणारं काही तरी विचारायचं. बाबूला मी विचारलं, ‘पोदेराने किती पाव दिले?’ उत्तर आलं नाही, तर तीच दोन वाक्यं मोठ्याने.

सहा-आठ आठवडे रोज सराव होऊनही नव्या उताऱ्यावर आकडा हलत नसेल, ओळी सुटत असतील, पुस्तक नाकाशी नेत असेल किंवा डोकं दुखतं म्हणत असेल, तर पहिल्यांदा डोळे आणि कान तपासून घ्या. डोळे आणि कान ठीक निघाले आणि तरीही अक्षरं रोज नव्याने विसरत असेल, तर वर्गशिक्षकांशी बोलून वाचन-अक्षमतेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावं. जाताना आठवड्याचे उतारे, वेळ आणि चुकलेले शब्द लिहिलेली वही बरोबर ठेवा.