फिरत्या नमुन्याची तयारी: पहिली फेरी निघायच्या आधी

फिरत्या नमुन्याच्या सर्वेक्षणात दर फेरीला काही घरं बदलतात आणि बाकीची तीच राहतात. त्यातलं पहिलं काम प्रश्नावली छापायच्याही आधीचं. नेमका कोणत्या दोन काळांमधला बदल हवा आहे, ते लिहून काढा. या तिमाहीपासून पुढच्या तिमाहीपर्यंतचा, की गेल्या वर्षीच्या याच तिमाहीच्या तुलनेतला? विचारलं की "दोन्ही" हे उत्तर हमखास येतं. तरी मुख्य कोणता ते वदवून घ्या, कारण घरं किती दिवस ठेवायची आणि कधी सोडायची हे त्यावरच ठरतं.

एक मांडणी डोळ्यांसमोर ठेवू. दर तिमाहीला १,२०० घरं, ३०० घरांचे ४ गट. प्रत्येक गट सलग ४ तिमाही राहतो आणि मग कायमचा सुटतो. दर वेळी एक जुना गट बाहेर जातो, एक नवा आत येतो. लागोपाठच्या दोन तिमाहींत ९०० घरं सामाईक, म्हणजे ७५ टक्के. पण वर्षाच्या अंतराने बघा: एकही घर सामाईक उरत नाही. वार्षिक बदल हवा असेल तर ही मांडणी त्याला काडीचीही मदत करत नाही. अमेरिकेत रोजगार-बेरोजगारी मोजणाऱ्या मासिक करंट पॉप्युलेशन सर्व्हेत यावर तोड म्हणून घर ४ महिने आत, ८ महिने बाहेर आणि पुन्हा ४ महिने आत असा क्रम ठेवला आहे. त्यामुळे महिन्यामहिन्यात ७५ टक्के आणि वर्षावर्षात ५० टक्के घरं सामाईक मिळतात. मोबदल्यात सोडलेल्या घरांचा माग ८ महिने ठेवावा लागतो, ती तयारी असेल तरच हा क्रम घ्या.

दुसरं, सहसंबंधाचा अंदाज हाताशी ठेवा. त्याच घराचं या वेळचं आणि मागच्या वेळचं उत्तर किती जुळतं, यावरच सगळा फायदा उभा आहे. आपला प्रश्न समजा "घरात कोणी पगारी नोकरीत आहे का" असा आहे आणि ४० टक्के घरं "हो" म्हणतात. सहसंबंध ०.८ असेल तर त्याचा अर्थ असा की "हो" म्हणणाऱ्या १०० घरांतली ८८ पुढच्या तिमाहीतही "हो"च म्हणतात. दोन तिमाहींच्या सरासरीतल्या साध्या फरकाचं प्रचरण मग असं निघतं:

```
V = (2S²/n)(1 − Pρ)
```

इथे P म्हणजे सामाईक घरांचा वाटा, ρ म्हणजे सहसंबंध, n म्हणजे एका तिमाहीतली घरं आणि S² म्हणजे एका तिमाहीतल्या घराघरांच्या उत्तरांचं प्रचरण. दर वेळी सगळी घरं नवी घेतली तर बदलाची प्रमाण त्रुटी २ टक्केबिंदू येते. ७५ टक्के सामाईक ठेवली की ती १.२६ वर उतरते. प्रश्न चंचल असेल, सहसंबंध ०.३ च असेल, तर मात्र १.७६ वरच अडते. तेवढ्यासाठी घरोघरी चार चार वेळा जायचं का, हा विचार आत्ताच करा. (सूत्र साध्या यादृच्छिक नमुन्याचं आहे. वस्त्या निवडून त्यांत घरं घेतली असतील तर आकडे फुगतील.)

आता जिथे लोक फसतात ती जागा. सामाईक ९०० घरांतला फरक जास्त भरवशाचा असतो, मग त्यालाच जास्त वजन का देऊ नये? द्यावं, असंच गणित सांगतं. आपल्या उदाहरणात सामाईक घरांच्या फरकाला सुमारे ०.९४ आणि बाहेर गेलेल्या व आत आलेल्या गटांमधल्या फरकाला ०.०६ वजन दिलं की प्रमाण त्रुटी १.२६ वरून १.० वर येते. कागदावर फुकटचा फायदा.

पण पहिल्या भेटीत लोक वेगळी उत्तरं देतात. नंतरच्या भेटींत "हो" म्हटलं की पुढचे दहा प्रश्न येतात हे घरच्यांना कळलेलं असतं, आणि प्रश्न विचारणाऱ्यालाही. करंट पॉप्युलेशन सर्व्हेत संख्याशास्त्रज्ञ बार्बरा बेलर यांनी १९७५ मध्ये हाच गटनिहाय झुकाव तपशिलाने दाखवला. समजा पहिल्या भेटीत "हो" २ टक्केबिंदूंनी जास्त येतं, बाकी तिन्ही भेटींत बरोबर येतं. सामाईक तीन गटांपैकी एक पहिल्या भेटीतून दुसऱ्या भेटीत जातो, म्हणून त्या तिघांची सरासरी ०.६७ ने खोटी घसरते. उरलेल्या फरकात नवा गट पहिल्या भेटीत आणि गेलेला चौथ्या, म्हणून तिथे २ ची खोटी वाढ. साध्या फरकात ७५ आणि २५ टक्के वजनांनी हे दोन्ही बरोबर फिटतात, शून्य. ०.९४ आणि ०.०६ ने फिटत नाहीत: दर तिमाहीला अर्ध्या टक्केबिंदूची घट शिल्लक राहते. एका तिमाहीत ती नजरेत भरत नाही. पण दर वेळी त्याच दिशेने येते, आणि तिमाहींचे बदल बेरजेला धरले की वर्षात २ टक्केबिंदूंची घसरण दिसते, जी कुठेच झालेली नाही.

म्हणून भेटीनिहाय तक्ता काढायची सोय पहिल्या दिवसापासून करा. प्रत्येक ओळीत घराचा भेटक्रमांक हवाच. पहिल्या भेटीतून दुसऱ्या भेटीत जाणारा गट इतर दोन सामाईक गटांच्या मानाने सतत खाली सरकतो का, हे बघायचं असतं. एका तिमाहीवरून निकाल देऊ नका, ३०० घरांत तेवढी हालचाल नशिबानेही होते. आठेक तिमाही साठल्या की २ टक्केबिंदूंचा झुकाव लपत नाही. तोवर मी तरी साधा फरकच छापीन आणि वजनवाला आकडा शेजारी ठेवून दोन्हींतलं अंतर बघत राहीन.

घरांच्या ओळखक्रमांकाची तयारी कंटाळवाणी, पण तिच्यात कसूर झाली की वरचं सगळं वाया. नमुन्यात घर म्हणजे जागा की तिथे राहणारं कुटुंब, हे नियमपुस्तिकेत एका वाक्यात लिहा. मागचं कुटुंब जाऊन नवं आलं आणि क्रमांक तोच राहिला, तर जोडी खोटी जुळते. दहा टक्के जोड्या अशा खोट्या निघाल्या तर ०.८ चा सहसंबंध ०.७२ होतो, आणि १०० पैकी १२ च्या जागी १७ घरांनी नोकरी सोडली असं दिसतं. त्रुटी थोडीशीच वाढते. आवक-जावकीचा आकडा मात्र साफ चुकतो. पकडायचं कसं? कुटुंबप्रमुखाचं लिंग आणि वय ताडून. तिमाहीत वय तेच राहील किंवा एकाने वाढेल. ५२ चा प्रमुख ३१ चा झाला की ती जोडी बाजूला काढा. आणि ९०० सामाईक घरं योजनेतली असतात. दार बंद असलेली, नकार देणारी वजा करून प्रत्यक्षात जितकी उरतील त्यांचाच वाटा P म्हणून सूत्रात घाला.

शेवटी सुरुवातीचं वेळापत्रक. पहिल्या तिमाहीत चारही गट पहिल्याच भेटीत असतात. त्यातला एक गट एका भेटीनंतर, दुसरा दोन भेटींनंतर, तिसरा तीन भेटींनंतर सोडायचा, तेव्हा कुठे चौथ्या तिमाहीत प्रत्येक भेटीचा एकेक गट मिळून तोल साधतो. वरच्याच झुकावाने पहिल्या तिमाहीचा आकडा २ ने फुगलेला आणि दुसऱ्याचा फक्त ०.५ ने, म्हणजे साध्या फरकातसुद्धा दीड टक्केबिंदूची खोटी घट. पहिल्या तीन तिमाहींचे बदल जाहीर करायचे नाहीत, हे ज्यांना आकडे हवे आहेत त्यांच्याकडून आधीच लेखी कबूल करून घ्या.