बारातून सात: COMBIN आणि PERMUT वापरून संघ मोजा, कुलूप मोजा

आमच्या कबड्डी मंडळाची स्प्रेडशीट बरीच वर्षं माझ्याकडे आहे. बारा जणांची यादी, त्यातले सात मैदानात. दर मोसमात कुणीतरी विचारतंच, "सगळ्या जुळण्या एकदा खेळवून बघायच्या का?" उत्तर एका सेलमध्ये मिळतं:

```
=COMBIN(12,7)
```

७९२. रोज एक सराव सामना घेतला तरी दोन वर्षं पुरणार नाहीत. चर्चा तिथेच थांबते.

COMBIN घ्यायचं की PERMUT, यावर "निवड असेल तर हे, मांडणी असेल तर ते" असा सल्ला सगळीकडे सापडतो. तो सोडून द्या, कारण प्रश्नातले शब्द फसवतात. मी एवढंच करतो: निवडलेल्यांतल्या दोघांची अदलाबदल करून बघतो. रवी आणि सचिन यादीत पुढेमागे झाले तरी संघ तोच राहिला, म्हणजे COMBIN. रवी कर्णधार आणि सचिन उपकर्णधार, आणि आता उलट केलं, तर गोष्ट बदलली, म्हणजे PERMUT. सातजण निवडून त्यांतूनच कर्णधार-उपकर्णधार नेमायचे असतील तर दोन्ही लागतात:

```
=COMBIN(12,7)*PERMUT(7,2)
```

७९२ गुणिले ४२, म्हणजे ३३,२६४. सरळ PERMUT(12,7) टाकलंत तर ३९,९१,६८० येईल. तिथे सातही जागा वेगवेगळ्या धरल्या जातात, आणि आपल्याला दोनच पदं भरायची आहेत.

गटवार निवडही सोपी आहे. आमच्या बारात चार चढाईपटू, सहा बचावपटू आणि दोन अष्टपैलू. नेमके तीन, तीन आणि एक हवे असतील तर COMBIN(4,3)*COMBIN(6,3)*COMBIN(2,1), म्हणजे १६०. "नेमके" हा शब्द असेपर्यंत गुणाकार करत जा, काही बिघडत नाही.

बिघडतं ते "किमान" आलं की. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय, म्हणून जरा सावकाश सांगतो.

प्रशिक्षकांनी विचारलं होतं, सातात किमान दोन चढाईपटू असतील असे संघ किती? मी विचार केला, चारातून आधी दोन चढाईपटू घेऊन ठेवू, म्हणजे अट पुरी. मग उरलेल्या दहातून कुठलेही पाच. सूत्र लिहिलं आणि बैठकीत आकडा सांगून मोकळा झालो:

```
=COMBIN(4,2)*COMBIN(10,5)
```

१५१२. कोपऱ्यात बसलेले आमचे जुने पंच, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणाले, "अरे, सगळे मिळून संघ किती होतात म्हणालास मघाशी?" ७९२. अट घातल्यावर संघ कमी व्हायला हवेत, माझे जवळजवळ दुप्पट झाले होते.

चूक कुठे होती ते एका संघावर बघा. समजा संघात रवी, सचिन आणि महेश असे तीन चढाईपटू आहेत. माझ्या सूत्राने हा संघ एकदा "रवी-सचिन आधी, महेश नंतर" म्हणून मोजला, मग "रवी-महेश आधी, सचिन नंतर" म्हणून, आणि पुन्हा "सचिन-महेश आधी, रवी नंतर" म्हणून. मैदानात तेच सातजण, मोजणीत तीनदा. चारही चढाईपटू असलेला संघ तर सहादा मोजला गेला, कारण चारातून "आधीचे दोन" सहा प्रकारे निवडता येतात. आधी आणि नंतर हा भेद फक्त माझ्या डोक्यात होता, संघात नव्हता.

हे सूत्र आजही बऱ्याच ठिकाणी "किमान"साठी सर्रास दिलेलं दिसतं. ते चुकीचं आहे. "किमान" म्हटलं की प्रत्येक संख्येची वेगळी ओळ करा. A2 ते A6 मध्ये चढाईपटूंची संख्या ० ते ४ लिहा आणि B2 मध्ये हे टाकून खाली ओढा:

```
=COMBIN(4,A2)*COMBIN(8,7-A2)
```

आठ म्हणजे चढाईपटू सोडून उरलेले सगळे. ओळींत क्रमाने ८, ११२, ३३६, २८० आणि ५६ येतात. आपल्याला २, ३ आणि ४ च्या ओळी हव्यात: ३३६ + २८० + ५६ = ६७२. हे खरं उत्तर.

अटीत न बसणाऱ्या शून्य आणि एकच्या ओळीही मी ठेवतो, पुसत नाही. पाचही ओळींची बेरीज बरोबर ७९२ आली पाहिजे. नाही आली तर कुठेतरी संघ सुटलाय किंवा दोनदा मोजलाय. माझी जुनी चूकही याच ओळींत पकडता येते: ३३६ एकदा, २८० तीनदा, ५६ सहादा. बेरीज करून बघा, १५१२ येते.

ओळी आणखी खाली ओढू नका. चार चढाईपटूंतून पाच निवडायचे प्रकार गणितात शून्य असले तरी COMBIN(4,5) शून्य देत नाही, #NUM! देतं, आणि तो एक सेल सगळी बेरीज नासवतो. ओढायचंच असेल तर सूत्राला IFERROR लावून शून्य द्या. याच्या उलट, अपूर्णांक दिसला तर COMBIN गप्प बसतं: COMBIN(12.9,7) बिनबोभाट ७९२ देतं, दशांश टाकून देतं. खेळाडूंची संख्या दुसऱ्या सेलमधल्या भागाकारातून येत असेल तर आधी तो सेल तपासा.

आता कुलूप. आमच्या साहित्याच्या पेटीला चार चाकांचं आकड्यांचं कुलूप आहे. अदलाबदल केली तर कोड बदलतो, म्हणून लोक PERMUT(10,4) टाकतात आणि ५०४० सांगतात. पण PERMUT एकदा वापरलेला अंक पुन्हा घेत नाही, आणि कुलपाला ७७७७ सुद्धा चालतो. तिथे 10^4 लिहा, किंवा PERMUTATIONA(10,4). उत्तर १०,०००. ५०४० हे फक्त चारही अंक वेगळे असलेले कोड झाले.

बटणांच्या कुलपात एक गंमत असते. झिजलेली बटणं दिसली की अंक कळतात. चार बटणं झिजली असतील तर PERMUT(4,4), म्हणजे २४ कोड. तीनच झिजली असतील तर कमी होतील असं वाटतं, आणि PERMUT(3,4) तर #NUM! देऊन हातच वर करतं. कोड चार अंकी असेल तर तीनपैकी एक अंक दोनदा आलाय. तो कुठला, याचे तीन पर्याय, त्याच्या दोन जागा चारातून निवडायच्या, उरलेले दोन अंक उरलेल्या दोन जागी:

```
=3*COMBIN(4,2)*PERMUT(2,2)
```

३६. जागा निवडताना COMBIN, कारण त्या दोन्ही जागी एकच अंक बसतो आणि अदलाबदल केली तरी काही बदलत नाही. आमच्या पेटीचा कोड मी आता असाच ठेवलाय, एक अंक दोनदा. कुठला ते अण्णांनाही सांगितलेलं नाही.