भिंत किती सिग्नल खाते, झाड किती : दोन इमारतींमधला लोरा दुवा कसा मोजावा

इंदूरच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेपासून हॉस्टेलची गच्ची सरळ रेषेत ४०० मीटरवर आहे. तिथल्या पाण्याच्या टाकीची पातळी प्रयोगशाळेत कळावी, एवढंच करायचं होतं. लोरा, म्हणजे कमी विजेत दूरवर छोटे संदेश पाठवणाऱ्या रेडिओ मॉड्यूलची जोडी आणली, जोडली, आणि पहिल्याच दिवशी संदेश आला. मग एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, पावसाळ्यात चालेल का?" मधे कडुनिंबांची रांग आणि होळकरकालीन दीड फुटी भिंत. उत्तर द्यायचं तर या दोघांचं नुकसान वेगवेगळं मोजायला हवं होतं. ते कसं मोजलं, ते सांगतो.

खरेदी करताना मॉड्यूल आणि अँटेना दोन्ही ८६८ मेगाहर्ट्झचे घ्या. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी विनापरवाना खुला आहे. बाजारात ४३३ वाली स्वस्त मॉड्यूल दिसायला अगदी तशीच असतात, तेव्हा पाटीवरचा आकडा वाचूनच पैसे द्या. नेटवरच्या उदाहरणांत बहुतेक ठिकाणी ९१५ लिहिलेलं असतं. तेही बदला. आणि अँटेना लावल्याशिवाय प्रक्षेपकाला वीज देऊ नका. शक्तीला बाहेर जायला वाट मिळाली नाही की ती परत फिरते आणि चिपचा शेवटचा टप्पा जळू शकतो.

आर्डुइनोच्या LoRa लायब्ररीत दोन्ही बाजूंना सेटिंग एकच हवं:

```cpp
LoRa.begin(866000000);
LoRa.setTxPower(14);
LoRa.setSpreadingFactor(9);
LoRa.setSignalBandwidth(125E3);
LoRa.enableCrc();
```

प्रक्षेपकाने दर २ सेकंदांनी एक वाढता क्रमांक पाठवायचा. मधला क्रमांक गळला की संदेश हरवल्याचं कळतं. संदेश घेणाऱ्या मॉड्यूलने, म्हणजे ग्राहकाने, तो क्रमांक, सिग्नलची ताकद आणि गोंगाटाशी त्याचं प्रमाण लॅपटॉपवर उतरवायचं:

```cpp
if (LoRa.parsePacket()) {
  String s = "";
  while (LoRa.available()) s += (char)LoRa.read();
  Serial.println(s + "," + LoRa.packetRssi() + "," + LoRa.packetSnr());
}
```

ताकद डीबीएममध्ये, म्हणजे एक मिलिवॉटच्या तुलनेत किती डीबी अशी येते, आणि ग्राहकाकडे ती उणे असते. उणे ७० म्हणजे जोरदार, उणे १२० म्हणजे मरणपंथाला लागलेला सिग्नल. दर १० डीबी घट म्हणजे शक्ती दहापट कमी.

आता पहिली पायरी, जी बहुतेक जण गाळतात: आपला संच आधी मोकळ्या मैदानात तपासा. मोकळ्या हवेतलं नुकसान या सूत्राने निघतं (अंतर किलोमीटरमध्ये, वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये):

```
L = 32.44 + 20*log10(d) + 20*log10(f)
```

२० मीटरला हे सुमारे ५७ डीबी येतं. प्रक्षेपण १४ डीबीएम आणि दोन्ही अँटेनांचे दोन-दोन डीबी धरले, तर ग्राहकाला उणे ३९ दिसायला हवं. आमच्या मैदानावर उणे ४४ दिसलं. हे ५ डीबी आमच्या केबलचे, अँटेनाचे आणि मॉड्यूलच्या मोजमापातल्या चुकीचे. पुढच्या प्रत्येक हिशेबातून ते वजा करायचे, नाहीतर ते बिचाऱ्या झाडाच्या खात्यावर चढतात. जमिनीवरून परावर्तन होतं, म्हणून एका जागी न थांबता १५ ते २५ मीटरच्या दरम्यान पाच-सहा ठिकाणी नोंद घ्या आणि मधली किंमत धरा.

मग गच्ची ते गच्ची. ४०० मीटरला नुकसान ८३ डीबी, म्हणजे अपेक्षा उणे ६५, आमची ५ डीबीची कसर धरून उणे ७०. प्रत्यक्षात उणे ७२ मिळालं. इतकं जुळलं की वाट मोकळी आहे असं समजावं. पण "मोकळी" म्हणजे केवळ समोरची गच्ची दिसणं नव्हे. लहरींना वाटेच्या मध्यावर रेषेभोवती जवळपास ६ मीटर त्रिज्येची जागा लागते, आणि तिचा निदान साठ टक्के भाग, म्हणजे साडेतीन मीटर, रिकामा हवा. झाडाचा शेंडा रेषेच्या २ मीटर खाली असला तरी तो सिग्नलमध्ये हात घालतोच.

भिंतीचा हिशेब करताना आमची मोठी चूक झाली. पहिल्या दिवशी गच्चीवरचा आकडा आणि खोलीतला आकडा वजा करून आम्ही "भिंत २० डीबी खाते" असं लिहून टाकलं. पण गच्चीवरून खाली आलो तशी उंचीही बदलली होती. भिंतीचं नुकसान हवं असेल तर अँटेना त्याच मजल्यावर, त्याच भिंतीच्या बाहेर आणि मग लगेच आत, अशी ठेवायला हवी. बाहेरच्या व्हरांड्यात उणे ७९ आलं, आत भिंतीमागे उणे ९०. म्हणजे भिंत ११ डीबी. उघड्या खिडकीसमोर उणे ८३. लोखंडी जाळी असूनही सिग्नल भिंतीपेक्षा खिडकीतूनच जास्त येत होता.

आतला उणे ९० हा एका ठिकाणचा आकडा नव्हे. ८६६ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ३५ सेंटीमीटर असते. खोलीत भिंती-कपाटांवरून आपटून आलेल्या लहरी एकमेकींना कुठे वाढवतात, कुठे मारतात. अँटेना वीतभर सरकवली की आमच्याकडे आकडा १० डीबीने उडत होता. म्हणून खोलीत वीत-वीत अंतरावर नऊ ठिकाणी शंभर-शंभर संदेश घेतले आणि सगळ्यांचा मध्यक काढला. एका जागेवरून भिंतीचं नुकसान सांगणाऱ्याला मी "अँटेना कुठे होती?" एवढंच विचारतो.

झाडांसाठी रस्त्यावर प्रक्षेपकापासून सारख्याच अंतरावर दोन जागा निवडल्या: एक दोन कडुनिंबांच्या आड, एक रांगेतल्या फटीत. फटीत उणे ८०, आडोशाला उणे ८७. झाडांतून जाताना होणारं नुकसान काढणाऱ्या वाइसबर्गरच्या सूत्राने १६ मीटर पर्णसंभारासाठी साडेसहा डीबी येतात, आमचे ७ आले. पाऊस थांबल्यावर पानं ओली असताना आणखी ३ गेले. कडुनिंबाची पानझड फाल्गुनाच्या सुमारास होते, तेव्हा फक्त त्याच दिवसांत मोजलं तर आकडा भाबडेपणाने चांगला येईल. वारा असेल तर आकडे डोलतात, म्हणून निदान अर्धा तास नोंद घ्या.

सगळं जोडलं: उणे ७० मधून भिंतीचे ११, झाडांचे ७, ओल्या पानांचे ३. खोलीत पावसात उणे ९१ अपेक्षित होतं, उणे ९३ आलं.

या सेटिंगला ग्राहक उणे १२९ पर्यंत ऐकतो, पण ते शांत वातावरणात. आमच्याकडे एकदा ताकद उणे ९३ वरच राहून गोंगाटाशी असलेलं प्रमाण ९ वरून २ वर आलं. ताकद तीच आणि प्रमाण कमी, याचा अर्थ सिग्नल घटलेला नाही, शेजारी कोणीतरी ओरडतंय. ते लॅपटॉपचा चार्जर निघाला. अँटेना केबलने अर्धा मीटर दूर नेली आणि प्रमाण परत ९ झालं.

एवढी मोठी शिल्लक हाताशी असल्यावर स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे संदेश वेळेत किती पसरून पाठवायचा तो आकडा, ९ वरून ७ वर आणला. तिथे ग्राहक उणे १२३ पर्यंत ऐकतो, म्हणजे ३० डीबी हाताशी उरतात. २० बाइटचा संदेश १२ या फॅक्टरवर सव्वा सेकंदाहून जास्त वेळ हवेत राहतो, ७ वर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास. टाकीजवळच्या बॅटरीला याचाच सगळ्यात मोठा फायदा झाला.