मॅलसचा नियम: शून्य नीट लावा, रेघ आपोआप सरळ येईल

दोन पोलरायझरमधून पार होणारा प्रकाश त्यांच्यातल्या कोनाच्या कोसाइन वर्गाच्या प्रमाणात असतो, हा मॅलसचा नियम. तो पडताळायला लाल लेसर, दोन पोलरायझर, फोटोडायोड आणि मल्टिमीटर एका रेषेत मांडा. फोटोडायोड मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. त्याच्या दोन टोकांत 1 किलोओहमचा रोध जोडा आणि रोधावरचे मिलिव्होल्ट वाचा. रोध न लावता थेट व्होल्टेज मोजलंत तर ते प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाही, मग नियम पडताळायचा प्रश्नच उरत नाही. पहिला पोलरायझर एकदा बसवला की त्याला हात लावू नका, फिरवायचा तो दुसरा. लेसर स्थिरावेपर्यंत थांबा. मग त्याच्यासमोर पुठ्ठा धरून खोलीतल्या उजेडाचं वाचन टिपून ठेवा.

आता खरी मेख. बहुतेक जर्नलांत लिहिलेलं असतं, 'वाचन सर्वांत जास्त येईल तिथे शून्य अंश धरा.' हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. माथ्यावर वक्र जवळजवळ सपाट असतो. तिथे 3 अंश चुकलात तर वाचन जेमतेम 0.3 टक्क्यांनी घटतं आणि मीटरचा शेवटचा आकडा तेवढा तसाही हलत असतो. तीच चूक 45 अंशांवर मात्र वाचन दहा टक्क्यांनी बिघडवते.

त्याऐवजी अंधाराच्या दोन्ही बाजूंना, जिथे वाचन झपाट्याने बदलतं तिथे, एकसारखं वाचन देणारे दोन कोन शोधा. समजा डायलवर 48 आणि 138 या दोन्ही ठिकाणी 30.0 मिलिव्होल्ट आले. त्यांचा मध्य 93, म्हणजे पूर्ण अंधार तिथे. त्यातून 90 वजा केले की खरं शून्य डायलच्या 3 अंशांवर. यापुढे प्रत्येक कोनातून 3 वजा करायचे, डायलची पट्टी उचकटून पुन्हा चिकटवायची गरज नाही. खोलीतला उजेड दोन्ही बाजूंना सारखाच मिसळतो, त्यामुळे मध्य ढळत नाही. फक्त मधेच कुणी ट्यूबलाइट लावू नये.

मग दर 10 अंशांनी वाचनं घ्या, आडव्या अक्षावर कोसाइन वर्ग आणि उभ्या अक्षावर मिलिव्होल्ट मांडून रेघ बसवा.

आणि रेघ किती चपखल बसली ते सांगणारा R² बघून हुरळू नका. याच उदाहरणात 3 अंश वजा न करता 0 ते 90 ची वाचनं मांडली तरी R² 0.997 येतो! बिंदू रेघेभोवती किंचित कमानीत असतात, पण छोट्या आलेखावर ते डोळ्यांना दिसत नाही. चोरी पकडली जाते इंटरसेप्टमध्ये. पुठ्ठा धरून मोजलेला उजेड 0.4 मिलिव्होल्ट आणि रेघ मात्र उभ्या अक्षाला 2.3 वर छेदते. शंका आली तर डायल 45 आणि 135 वर नेऊन बघा. शून्य बरोबर असेल तर दोन्ही वाचनं सारखी येतात. इथे 33.1 आणि 26.9 येतील. दुरुस्तीनंतर चढ 59.2 आणि इंटरसेप्ट 0.4 च्या आसपास आला की जर्नलवर सही घ्यायला जा.