या चुका टाळा: फेलोशिपच्या अर्जातला पहिला परिच्छेद

तिसरं वर्ष संपत आलं की आमचे ज्युनिअर फेलोशिपचे अर्ज 'मॅडम, जरा नजर टाका ना' म्हणून पाठवतात. मागच्या खेपेला धुळ्याहून एका मुलीचा आला. एमडी पीडियाट्रिक्स, अर्ज बालरक्तविकारांच्या फेलोशिपचा. मूळ इंग्रजीत होता, मराठीत सांगायचं तर पहिला परिच्छेद असा:

"लहानपणापासून मला मुलांची सेवा करायची होती. माझं शिक्षण प्रचंड गर्दीच्या शासकीय रुग्णालयात झालं. नंदुरबारमध्ये मी दोनशेहून अधिक सिकल सेल रुग्णांचं निदान केलं. मला रक्तविकार, कॅन्सर आणि आयसीयूमध्ये रस आहे. पुढे ग्रामीण भागात काम करायचा मानस आहे."

पहिलं वाक्य मी वाचलंच नाही म्हणा. पीडियाट्रिक्सचा कुठलाही उमेदवार ते लिहू शकतो, त्यामुळे ते सरळ काढायचं. अडले मी तिसऱ्या वाक्यावर, आणि लगेच फोन लावला.

"दोनशे मुलं तपासलीस की दोनशे आजारी निघाली?"

"तपासली, मॅडम. २१२. डीआरपीच्या तीन महिन्यांत, आश्रमशाळांमध्ये."

"कशानं?"

"सोल्युबिलिटीनं."

इथेच गाडी घसरते. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होतं आणि नळीमागच्या रेघा दिसत नाहीत. पण वाहक असो की आजारी, गढूळ दोघांचंही होतं. कोण कोणता, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस केल्यावर कळतं. म्हणजे सोल्युबिलिटीला चाळणी म्हणायचं, निदान नाही. हिच्या २१२ पैकी ३४ गढूळ आली. ३१ जणांचं एचपीएलसी झालं, त्यात २७ वाहक आणि ४ आजारी. उरलेली तीन मुलं होळीला आपापल्या पाड्यावर गेली होती. ती परतली तेव्हा हिची पोस्टिंग संपली होती.

म्हणजे दोनशेचे झाले चार! खोटं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं, पण मुलाखत घेणारा रक्तविकारांचाच माणूस असतो. पहिला प्रश्न 'एचपीएलसी किती जणांचं?' हाच येणार, आणि तिथे अडखळली की पुढच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. त्यात २०२३ मध्ये सिकल सेलचं राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यापासून हा विषय अर्जांत नवा राहिलेला नाही. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी हव्यात: कितीपैकी, कोणत्या टेस्टने, आणि त्यात तुझा हात कुठवर.

'मी' आणि 'आम्ही' यांचाही घोळ होतो. हायड्रॉक्सियुरिया सरांनी सुरू केलं होतं, हिच्याकडे दर महिन्याचे काउंट बघायचं काम होतं. मग तसंच लिहायचं. रेसिडेंटने काउंट बघितले यात कमीपणा कसला?

रस तीन ठिकाणी असला तरी इथे एकच लिहायचा. आयसीयू वाचून समोरचा म्हणतो, हिला नक्की यायचंय तरी कुठे?

ध्येयाचं वाक्य मात्र तिला दोन दिवस सुचेना. 'ग्रामीण भागात काम' याला कुणी नाही म्हणत नाही, पण त्यातून काही कळतही नाही. मी विचारलं, "तिथे हात कुठे थांबला होता?" म्हणाली, एका मुलाचे न्यूट्रोफिल उतरले, डोस थांबवायचा का, पुन्हा किती द्यायचा, ते तिला ठरवता आलं नाही. हे अर्जात लिहायला ती कचरत होती. माझ्या मते अख्ख्या अर्जात खरं वाक्य तेवढंच होतं. शिकायला जायचंय ना, मग काय येत नाही ते सांगायलाच हवं.

एक राहिलं. पुढच्या मसुद्यात तिने त्या मुलाचं वय आणि पाड्याचं नाव टाकलं. वीस घरांच्या पाड्यावर तेवढ्यावरून पोरगा ओळखू येतो, दोन्ही काढायला लावलं. शेवटी असं उतरलं:

"मी धुळ्यात एमडी पीडियाट्रिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नंदुरबारच्या तीन महिन्यांच्या पोस्टिंगमध्ये आमच्या टीमने आश्रमशाळांतल्या २१२ मुलांची सोल्युबिलिटी टेस्ट केली. ३४ पॉझिटिव्ह आली, त्यांपैकी ३१ जणांच्या एचपीएलसीत २७ वाहक आणि ४ आजारी निघाले. चौघांना वरिष्ठांनी हायड्रॉक्सियुरिया सुरू केलं, काउंटवर लक्ष ठेवायचं काम माझं होतं. एकाचे न्यूट्रोफिल उतरले तेव्हा पुढचा डोस मला ठरवता आला नाही. ते मला तुमच्या सिकल सेल क्लिनिकमध्ये शिकायचं आहे, आणि परत येऊन धुळ्यात आठवड्यातून एक दिवस असं क्लिनिक चालवायचं आहे."

पाठवण्याआधी तिने एकच विचारलं, "मॅडम, होळीला गेलेल्या तिघांचं लिहू का?" म्हटलं, नको, ते मुलाखतीत विचारतीलच.