रेंडरमध्ये सोलर, हिरवी गच्ची आणि पावसाचं पाणी दाखवायचंय? मग आधी गच्चीची रेघ लॉक करा

पुण्यातली चार मजली बिल्डिंग धरा, रस्ता दक्षिणेला. क्लायंट म्हणतो सोलर दिसत नाहीये, मग आपण पॅनल थोडे वर उचलतो, पॅरापेट थोडी खाली घेतो, आणि बिल्डिंग टोपी घातल्यासारखी दिसायला लागते. मी हे केलंय, आणि साईटवरच्या इंजिनिअरने हसून विचारलं होतं की हा पाचवा मजला कधी मंजूर झाला.

म्हणून आधी नुसत्या बिल्डिंगचं रेंडर काढून ठेवा, कॅमेरा सीन म्हणून सेव्ह करा आणि परत हलवू नका. लेन्स फार वाइड नको, कोपरे ताणले जातात.

आता हिशोब. पॅरापेटचा माथा जमिनीपासून 13.6 मीटर, डोळा 1.6 मीटरवर, माणूस पॅरापेटपासून 20 मीटर अंतरावर उभा. म्हणजे पॅरापेटच्या मागे दर मीटरला नजर 0.6 मीटर वर चढते, आणि दीड मीटर मागे असलेली वस्तू पॅरापेटच्या वर 0.9 मीटरपर्यंत लपते. साधा पॅनल 2.3 मीटर लांब, 18 अंश तिरका, पुढची कड गच्चीपासून 0.3 मीटरवर, तर मागची कड जेमतेम 1 मीटरला जाते, आणि पॅरापेटच 1 मीटरची आहे. दिसणारच नाही! रस्त्यावरच्या व्ह्यूमध्ये दाखवूच नका, त्यासाठी वरून एक वेगळा व्ह्यू द्या.

गच्ची वापरता यावी म्हणून पॅनल अडीच मीटर उंच स्ट्रक्चरवर असतील तर मात्र दिसतात, पण कसे ते बघा. पॅरापेट आणि पॅनल यांच्यामध्ये आकाशाची फट दिसते, बारीक पाय दिसतात, आणि खालून बघताना पॅनलची पाठ दिसते (बहुतेक वेळा पांढरट), निळी काच नाही. ती फट बुजवली की मजला वाढल्यासारखा वाटतो.

हिरव्या गच्चीचंही तसंच. लॉनसाठी 15 सेंटीमीटर माती धरली तरी ती पॅरापेटच्या आतच राहते, खालून फक्त कडेवरून लोंबणारी एखादी वेल दिसेल. कोपिंगची सरळ कड मधूनमधून उघडी ठेवा, पूर्ण कडेवर झुडपं लावली की रेघच हरवते. आणि माती चढली की पॅरापेटची उरलेली उंची नियमाप्रमाणे पुरेशी आहे का बघा, नसेल तर ती मॉडेलमध्येच वाढवा आणि बेस रेंडर परत काढा, फोटोशॉपमध्ये ओढू नका.

पावसाच्या पाण्याचे पाईप चार इंची, बाजूच्या भिंतीला, कॉलमच्या रेषेत, गच्चीचा उतार जिथे संपतो तिथल्या खुर्र्यापासून सरळ खाली फिल्टरपर्यंत. टाकी जमिनीखाली असेल तर फक्त झाकण दाखवा.

शेवटी जुनं आणि नवं रेंडर एकावर एक ठेवून वरच्या लेयरचा मोड `Difference` करा. पॅरापेटच्या कडेला काळंच दिसायला हवं. वेल लोंबते तिथे चमकेल, ते ठीक, पण पूर्ण कडेने पांढरी रेघ उमटली तर कॅमेरा किंवा पॅरापेट हललीये.